४३ कागद, ८६ पृष्ठे आणि एक पीडीएफ: फीडर व काच यांचा मेळ

प्रश्न: आमच्या संस्थेच्या जुन्या इतिवृत्ताची ४३ पाने आहेत, दोन्ही बाजूंनी टंकलिखित. स्कॅनरच्या वरच्या फीडरमधून घातली तर एकच बाजू येते. मागच्या बाजू वेगळ्या घेतल्या तर त्या शेवटून सुरू होतात आणि शिवाय उलट्या दिसतात. काचेवर एकेक ठेवले तर प्रत्येक पानाची वेगळी फाइल होते. चार पाने जीर्ण आहेत, त्यांपैकी एकावर पावती चिकटवलेली आहे. या सगळ्यांची क्रमवार एकच पीडीएफ कशी करावी?

उत्तर:

पहिल्यांदा शब्द ठरवून घेऊ. बोलताना आपण कागदालाही पान म्हणतो आणि त्याच्या एका बाजूलाही पानच म्हणतो, आणि अशा कामातला निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. म्हणून पुढे ‘कागद’ म्हणजे हातात धरता येतो तो, आणि ‘पृष्ठ’ म्हणजे त्याची एक बाजू. आपल्याकडे ४३ कागद आहेत आणि तयार पीडीएफमध्ये ८६ पृष्ठे असली पाहिजेत. कोणत्याही कागदाचा क्रमांक दुप्पट केला की त्याच्या मागच्या पृष्ठाचा क्रमांक मिळतो, आणि त्यातून एक वजा केला की पुढच्या पृष्ठाचा. सतरावा कागद म्हणजे ३३ आणि ३४ ही पृष्ठे. हे साधे गणित शेवटपर्यंत उपयोगी पडेल.

कामाची दिशा अशी ठेवावी: जीर्ण कागद बाजूला काढून त्यांच्या जागी कोरे कागद घालावेत, संपूर्ण गठ्ठा फीडरमधून आधी पुढच्या आणि मग मागच्या बाजूने न्यावा, दोन्ही संच एकाआड एक विणावेत, आणि मग कोऱ्या कागदांच्या जागी काचेवर घेतलेली पृष्ठे बसवावीत. अनेकजण याच्या उलट करतात. ते फीडर चालू असताना जीर्ण कागद आला की थांबतात, तो काचेवर घेतात आणि पुन्हा फीडरकडे वळतात. त्यामुळे एका कामाचे दहा तुकडे होतात आणि कोणता तुकडा कुठे जोडायचा हे लक्षात ठेवण्याचे काम माणसाच्या डोक्यावर येते. कोरा बदली कागद घातला की मोजणी कधीच बिघडत नाही, कारण त्या जागेला दोन्ही पृष्ठे आधीच मिळालेली असतात.

सुरुवात करण्यापूर्वी यंत्राच्या माहितीपुस्तिकेत एक गोष्ट पाहून घ्यावी. दोन्ही बाजूंना छापणारे यंत्र दोन्ही बाजू स्कॅन करतेच असे नाही. छपाईचा कागद उलटवणारी यंत्रणा यंत्राच्या पोटात असते आणि फीडरची यंत्रणा झाकणात, त्यामुळे एक असून दुसरी नसणे हे अगदी सर्रास आढळते. फीडर खरोखरच दोन्ही बाजूंचा असेल तर स्कॅनिंगच्या प्रोग्रॅममध्ये कागदाचा स्रोत निवडताना Glass आणि Feeder यांच्या जोडीला Duplex हा पर्यायही दिसतो. तो दिसत असेल तर पुढचा विणकामाचा भाग सोडून द्यावा. आपल्या वर्णनावरून मात्र आपला फीडर एकाच बाजूचा दिसतो.

आता कागदांची तयारी. टाचण्या, पिना आणि क्लिपा सगळ्या काढाव्यात, आणि टाचणी काढलेल्या कोपऱ्यांकडे मुद्दाम लक्ष द्यावे. टाचणीच्या भोकांच्या कडा वर आलेल्या असतात आणि त्या शेजारच्या कागदात अडकतात. दोन कागद एकत्र आत जाण्याचे सर्वात नेहमीचे कारण हेच आहे. कोपरा नखाने सपाट करावा आणि गठ्ठा हातात सैल धरून पंख्यासारखा फुलवावा, म्हणजे कागदांच्या मध्ये हवा शिरते. मग तो टेबलावर आपटून कडा जुळवाव्यात. टंकलिखित पृष्ठांवर क्रमांक असतील तर उत्तम. नसतील, आणि दस्तऐवजावर खूण करण्यास हरकत नसेल, तर प्रत्येक कागदाच्या पुढच्या बाजूला समासात मऊ पेन्सिलने क्रमांक घालावा. दस्तऐवज मौल्यवान असेल तर पेन्सिलही लावू नये. अशा वेळी प्रत्येक कागदाच्या पुढच्या बाजूच्या पहिल्या ओळीतले दोन शब्द एका वहीत क्रमाने लिहून ठेवावेत. कंटाळवाणे वाटले तरी ४३ कागदांसाठी हे काही मिनिटांचेच काम आहे.

फीडरमध्ये काय घालू नये, हेही ठरवून टाकू. फाटकी कड, चिकटवलेली पावती किंवा छायाचित्र, चिकटपट्टीने जोडलेला कागद, अत्यंत पातळ कागद, आणि गुंडाळून ठेवल्याने वळलेला कागद हे सगळे काचेचे धनी. फीडरमध्ये कागद रबरी रुळांच्या पकडीत सापडून अर्धगोल वळण घेतो. चिकटवलेल्या पावतीची मोकळी कड त्या वळणावर उचलली जाते आणि फाटते. आपल्या चार कागदांचे क्रमांक उदाहरणासाठी ६, १७, २९ आणि ४० असे धरू. चार कोरे कागद घेऊन त्यांच्या दोन्ही बाजूंवर जाड पेनाने तेच क्रमांक मोठे लिहावेत आणि ते गठ्ठ्यात त्या त्या जागी घालावेत. कोरे कागद त्याच मापाचे असावेत, नाहीतर फीडरच्या बाजूच्या पट्ट्या सैल बसतात आणि कागद तिरके जातात.

स्कॅनच्या सेटिंगबद्दल थोडक्यात. टंकलिखित मजकुरासाठी ३०० डीपीआय आणि करड्या छटा ही जोडी पुरेशी आहे. त्या मापाने ए-४ आकाराचे एक पृष्ठ २४८० गुणिले ३५०८ बिंदूंचे, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदूंचे होते. ६०० डीपीआय घेतले तर बिंदू चौपट होतात आणि वाचनीयतेत मिळणारा फायदा टंकलिखित अक्षरांपुरता नगण्य असतो. शिक्के किंवा रंगीत शेरे असतील तरच रंगीत स्कॅन करावे. निव्वळ काळे-पांढरे मात्र मी जुन्या कागदांसाठी टाळतो, कारण पिवळट पडलेल्या कागदावर फिकट अक्षर त्यात एक तर गळते किंवा डागाला चिकटून त्याचा ठिपका होतो. शिवाय काळ्या-पांढऱ्या प्रतिमांची फाइल आटवून लहान करण्याच्या एका पद्धतीत एकसारखी दिसणारी अक्षरे एकच चिन्ह समजून एकमेकांच्या जागी वापरली जातात. डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने २०१३ मध्ये दाखवून दिले की अशा आटवणीमुळे काही कार्यालयीन यंत्रांच्या स्कॅनमध्ये ६ च्या जागी स्वच्छ, सुबक ८ उमटत होता. इतिवृत्तात ठरावांच्या रकमा आणि तारखा असतात, तेव्हा ही जोखीम नकोच.

सेटिंगमधल्या आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. कागदाचे माप ‘आपोआप’ न ठेवता ए-४ असे ठरवून द्यावे, म्हणजे फीडरची आणि काचेची पृष्ठे एकाच आकाराची येतील, एरवी काचेवरून अख्ख्या काचेचा आकार उमटतो आणि पीडीएफ चाळताना पृष्ठे लहानमोठी होत राहतात. आणि ‘कोरी पृष्ठे वगळा’ असा पर्याय असेल तर तो बंद ठेवावा. हा पर्याय ऐकायला सोयीचा वाटतो, पण तो चालू असला की कोऱ्या मागच्या बाजू गुपचूप गाळल्या जातात, मागच्या बाजूंची संख्या पुढच्या बाजूंपेक्षा कमी भरते, आणि विणकाम पहिल्या गाळलेल्या पृष्ठापासून बिघडते.

फीडरची क्षमता पुस्तिकेत ३५ किंवा ५० कागद अशी दिलेली असते, पण ती नव्या, सपाट कागदांची असते. जुन्या कागदांचे २० ते २५ चे गठ्ठे करावेत. आपल्या ४३ कागदांचे दोन गठ्ठे होतील: १ ते २२ हा पहिला आणि २३ ते ४३ हा दुसरा, म्हणजे २२ आणि २१ कागद. प्रत्येक गठ्ठ्याच्या दोन्ही बाजू पूर्ण झाल्यावरच पुढच्या गठ्ठ्याला हात लावावा. आधी सगळ्या पुढच्या बाजू आणि मग सगळ्या मागच्या, असेही करता येते, पण त्यात चूक झाली तर ती ८६ पृष्ठांत शोधावी लागते, गठ्ठ्यागणिक केले तर चाळीसेक पृष्ठांतच.

आता मागच्या बाजू शेवटून का सुरू होतात ते पाहू, म्हणजे त्यावरचा उपाय पाठ करावा लागणार नाही. लहान यंत्रांच्या फीडरमध्ये कागद मजकुराची बाजू वर ठेवून घालतात आणि यंत्र सर्वांत वरचा कागद आधी ओढते. कागद वळसा घेऊन खालच्या तबकात पालथा पडतो. दुसरा कागद त्याच्यावर पडतो, तिसरा दुसऱ्यावर. शेवटी बाहेर आलेला गठ्ठा जसाच्या तसा पाहिला तर सर्वांत वर बाविसाव्या कागदाची मागची बाजू असते. हाच गठ्ठा उचलून पुन्हा फीडरमध्ये ठेवला की यंत्र आधी २२ ची मागची बाजू घेते, मग २१ ची, आणि शेवटी १ ची. म्हणजे क्रम उलटा येणे ही चूक नाही, तो दरवेळी हमखास उलटाच येतो, आणि जे हमखास घडते ते दुरुस्त करणे सोपे असते. कागद हाताने पुन्हा सुलट क्रमाने लावण्याच्या फंदात अजिबात पडू नये. त्यात वेळ जातो आणि हमखास काही ना काही चुकते.

पृष्ठे डोके खाली येण्याचे कारण वेगळे आहे. आत जाताना कागदाची वरची कड पुढे होती. वळसा घेऊन बाहेर पडताना ती कड फीडरच्या तोंडापासून दूरच्या बाजूला जाते, म्हणून तसाच उचलून ठेवलेला कागद दुसऱ्या खेपेस पायाकडून आत शिरतो. गठ्ठा न उलटता, टेबलावर ताट फिरवावे तसा अर्धा वळसा देऊन ठेवला की मागच्या बाजूही सरळ येतात. हे विसरले तरी बिघडत नाही, कारण सगळ्या मागच्या बाजू एकत्र निवडून प्रोग्रॅममध्ये १८० अंशांत फिरवता येतात. मजकूर खाली ठेवून कागद घ्यावे लागणारीही यंत्रे असतात, आणि त्यांत गठ्ठा वेगळ्या रीतीने पडू शकतो. म्हणून खरे काम सुरू करण्यापूर्वी तीन कोरे कागद घ्यावेत, दोन्ही बाजूंना १ ते ६ आकडे आणि वर दाखवणारा बाण काढावा आणि दोन्ही खेपा करून पाहाव्यात. पहिल्या खेपेत १, ३, ५ आणि दुसऱ्या खेपेत ६, ४, २ आले म्हणजे आपले यंत्र वर सांगितल्याप्रमाणेच वागते आहे.

पहिला गठ्ठा घेऊ. पुढच्या बाजूंची खेप झाली की लगेच प्रतिमा मोजाव्यात: २२ हव्यात. मग मागच्या बाजू, पुन्हा २२. इथे एक सवय लावून घ्यावी. दोन्ही संख्या एकमेकींशी ताडून पाहू नयेत, प्रत्येक संख्या हाताने मोजलेल्या कागदांशी ताडावी. मी एकदा ११९ कागदांच्या एका फाइलचे काम करताना दोन्ही खेपांत ११८ आकडा आला आणि संख्या जुळल्या म्हणून निर्धास्त राहिलो. टाचणीच्या भोकाशी अडकलेले दोन कागद दोन्ही वेळा जोडीनेच आत गेले होते. विणकाम वरवर बिनचूक दिसत होते, पण एका कागदाची पुढची बाजू आणि त्याच्या जोडीदाराची मागची बाजू अशी दोन पृष्ठे गायब होती आणि उरलेली दोन एकाच कागदाची असल्यासारखी शेजारी बसली होती. हे मला तीन महिन्यांनी दुसऱ्याने दाखवून दिले.

विणकामासाठी NAPS2 हा मोफत प्रोग्रॅम मला सर्वांत सोयीचा वाटतो. काचेवर घेतलेले प्रत्येक पृष्ठही तो आधीच्या यादीला जोडतच जातो, त्यामुळे आपली वेगवेगळ्या फाइलींची अडचणही तिथेच संपते. आधी पुढच्या २२ आणि त्यामागे मागच्या २२ प्रतिमा यादीत असताना Reorder या यादीतून Alternate Interleave निवडावे. साधे Interleave निवडू नये, कारण ते दुसरा संचही सुलट क्रमात आहे असे गृहीत धरते. ज्यांच्याकडे पुढच्या आणि मागच्या बाजूंच्या पीडीएफ आधीच तयार आहेत, त्यांना पुन्हा स्कॅन करण्याची गरज नाही. आज्ञा लिहून चालवायच्या qpdf या साधनाने एका ओळीत तेच होते:

```
qpdf --empty --collate --pages f1.pdf 1-z b1.pdf z-1 -- g1.pdf
```

इथे f1.pdf मध्ये पुढच्या बाजू आहेत आणि b1.pdf मध्ये मागच्या. z म्हणजे शेवटचे पृष्ठ, म्हणून z-1 याचा अर्थ शेवटापासून पहिल्यापर्यंत. एक पृष्ठ पहिल्या फाइलीतून, एक दुसरीतून, अशी ४४ पृष्ठांची g1.pdf तयार होते.

दुसऱ्या गठ्ठ्यात मुद्दाम अडचण आणू, कारण ती आज ना उद्या येतेच. २१ कागद घातले आणि पुढच्या बाजूंच्या प्रतिमा २० आल्या. एक कागद दुसऱ्याच्या पाठीला चिकटून गेला आहे. कोणता, हे शोधण्यासाठी सगळ्या प्रतिमा चाळण्याची गरज नाही. या गठ्ठ्याची पहिली प्रतिमा २३ व्या कागदाची आहे, म्हणून दहावी ३२ व्या कागदाची असायला हवी. ती उघडली तर तिच्यावर ३३ आहे. म्हणजे गडबड दहाव्या जागेवर किंवा तिच्या आधी झाली. मग पाचवी पाहावी: तिच्यावर २७, बरोबर. आठवीवर ३०, बरोबर. नववीवर ३१, तीही बरोबर. म्हणजे ३१ व्या कागदाच्या पोटाखाली ३२ वा दडून गेला आणि त्याचीच पुढची बाजू राहिली. अख्खी खेप पुन्हा करण्याची गरज नाही, नवी खेप नवी चूक घेऊन येऊ शकते. ३२ व्या कागदाची पुढची बाजू काचेवर एकटी घ्यावी आणि विणकाम करण्याआधी नवव्या आणि दहाव्या प्रतिमेच्या मध्ये घालावी. NAPS2 मध्ये ती ओढून योग्य जागी सोडता येते, qpdf ने असे:

```
qpdf --empty --pages f2.pdf 1-9 k32.pdf 1 f2.pdf 10-z -- f2ok.pdf
```

ही दुरुस्ती विणण्याआधीच करावी, हा क्रम महत्त्वाचा आहे. संख्या कमी असताना विणले तर साधन तक्रार करत नाही. ते ३३ ची पुढची बाजू ३२ च्या मागच्या बाजूशी जोडते, ३४ ची ३३ शी, आणि पुढची प्रत्येक जोडी एकेक कागद चुकत जाते. सुरुवातीची पृष्ठे पाहून फाइल बरोबर वाटते आणि चूक नेमकी कोणी न उघडलेल्या भागात राहते.

एकाच गठ्ठ्यात दोनतीनदा असे घडले तर मात्र कागद दोषी नसतात. फीडरचा ओढणारा रबरी रूळ आणि त्याच्यासमोरची कागद वेगळे करणारी पट्टी धुळीने गुळगुळीत झालेली असते. पाण्याने किंचित ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने रूळ हाताने फिरवत पुसला आणि सुकू दिला की पकड बऱ्याचदा परत येते. पुसूनही फरक पडला नाही तर पट्टी झिजली आहे असे समजावे, ती बदलावी लागते.

विणलेली दुसऱ्या गठ्ठ्याची फाइल पहिल्या फाइलीला जोडून all.pdf केली की ४४ अधिक ४२ अशी ८६ पृष्ठे होतात. आता फीडरच्या पृष्ठांवर एक वेगळा दोष दिसतो का ते पाहावे: वरपासून खालपर्यंत जाणारी एक बारीक, सरळ रेघ, जी प्रत्येक पृष्ठावर अगदी त्याच जागी असते. ती दिसली की लोक मोठी काच पुन्हा पुन्हा पुसतात आणि रेघ जात नाही. कारण असे की काचेवर स्कॅन करताना कागद स्थिर असतो आणि संवेदक त्याच्याखालून सरकतो, तर फीडरमधून नेताना संवेदक एका जागी थांबतो आणि कागद त्याच्यावरून सरकतो. म्हणून मोठ्या काचेवरचा धुळीचा कण पृष्ठावर एका ठिपक्यासारखा उमटतो, आणि फीडरच्या वाचनपट्टीवरचा तेवढाच कण कागदाच्या पूर्ण लांबीची रेघ ओढतो. ही वाचनपट्टी म्हणजे मोठ्या काचेच्या कडेला असलेली बोटभर रुंदीची वेगळी, अरुंद काच. दोष नक्की करायचा असेल तर रेघ आलेला एखादा धडधाकट कागद मोठ्या काचेवर घेऊन पाहावा. तिथे रेघ नसली तर अरुंद पट्टीच पुसायची आहे. कापडाने जाईना तर तो बहुधा खोडरबरासारखा चिकटलेला पांढऱ्या शाईचा किंवा डिंकाचा कण असतो. कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो सुटतो. द्रव काचेवर थेट ओतू नये, तो कडेने आत झिरपतो.

माझा अनुभव असा की रेघेची तपासणी पहिल्या पाच कागदांनंतरच करावी. मी हे इथे उशिरा सांगतो आहे, पण करताना लवकर करावे, कारण ८६ पृष्ठांवर उमटलेली रेघ नंतर पुसण्यापेक्षा पुन्हा स्कॅन करणेच स्वस्त पडते.

आता काचेकडे येऊ. त्याआधी फीडर रिकामा आहे ना हे पाहावे. स्रोत ‘आपोआप’ वर असला आणि फीडरमध्ये एखादा कागद राहिला असला तर बरीचशी यंत्रे काचेकडे न पाहता तो कागद ओढतात. स्रोत Glass असा स्पष्ट निवडावा, आणि डीपीआय, छटा व माप फीडरइतकेच ठेवावे. कागद पालथा ठेवून काचेच्या ज्या कोपऱ्यावर खूण कोरलेली असते तिथे टेकवावा. जुन्या कागदांची कड सरळ नसते, तेव्हा कड काचेच्या चौकटीला जुळवण्याऐवजी टंकलिखित ओळी सरळ येतील असे पाहावे, कारण वाचणाऱ्याच्या डोळ्याला ओळीच दिसतात.

पातळ कागदाची मागची अक्षरे पुढच्या बाजूने झिरपून दिसत असतील तर त्याचे कारण झाकणाची पांढरी गादी असते. प्रकाश कागदातून पार जातो, पांढऱ्या गादीवरून परततो आणि येताना मागच्या अक्षरांची सावली घेऊन येतो. कागदाच्या पाठीशी एक काळा कागद ठेवून झाकण लावले की हा परतीचा प्रकाश शोषला जातो. पृष्ठ एकंदर थोडे गडद येते, पण सावली जवळजवळ नाहीशी होते, आणि गडदपणा नंतर उजळता येतो. फीडरमध्ये ही सोय नाही, आणि पातळ कागद काचेवर घ्यावेत असे म्हणण्याचे ते दुसरे कारण.

पावती चिकटवलेला १७ वा कागद तीन वेळा घ्यावा लागेल: पावती खाली पडलेल्या स्थितीत, पावती उचलून तिच्याखालचा मजकूर दिसेल अशा स्थितीत, आणि मागची बाजू. पावती उचलून धरण्याची वेळ आली तर झाकण उघडेच ठेवावे लागते. खोलीतला प्रकाश आत येऊन कड धूसर होऊ नये म्हणून वरून जाड काळे कापड टाकावे. पावतीच्या जाडीमुळे तिच्या आजूबाजूचा कागद काचेपासून किंचित उचलला जातो. चपट्या, हलक्या यंत्रांत बसवलेला संवेदक काचेला अगदी टेकलेली वस्तूच स्पष्ट पाहतो, काही मिलिमीटर वर गेलेला मजकूर त्याला धुरकट दिसतो. झाकणावर हाताने हलका, सम दाब दिला तर बहुतेक वेळा पुरते. जोर लावून दाबू नये.

या कागदाची तीन पृष्ठे झाल्यामुळे एकूण संख्या ८७ होईल. हे आधीच लिहून ठेवावे, नाहीतर शेवटच्या मोजणीत हाच आकडा चूक वाटू लागतो. काचेवरच्या फाइलींना k06, k17 अशी नावे द्यावीत. ६ च्या आधी शून्य घातले नाही तर काही प्रोग्रॅमच्या यादीत १७ आणि २९ आधी येतात आणि ६ शेवटी. बदली पृष्ठांच्या जागा सुरुवातीच्या गणिताने कळतात: ६ चा कागद म्हणजे ११ व १२, १७ चा ३३ व ३४, २९ चा ५७ व ५८, ४० चा ७९ व ८०. प्रोग्रॅममध्ये लहान चित्रांच्या यादीत जाड पेनाने लिहिलेले आकडे दुरूनही ओळखू येतात, तेव्हा हाताने बदलणेही अवघड नाही. एका आज्ञेत करायचे असेल तर:

```
qpdf --empty --pages all.pdf 1-10 k06.pdf 1-2 \
  all.pdf 13-32 k17.pdf 1-3 all.pdf 35-56 k29.pdf 1-2 \
  all.pdf 59-78 k40.pdf 1-2 all.pdf 81-z -- final.pdf
```

ओळीच्या शेवटी असलेली उलटी तिरकी रेघ लिनक्स आणि मॅकवर चालते. विंडोजवर सगळी आज्ञा एकाच ओळीत लिहावी.

शेवटची तपासणी कागद हातात घेऊनच करावी. ४३ कागदांचा मूळ गठ्ठा, जीर्ण कागद आपापल्या जागी परत ठेवून, डाव्या हाताशी असावा, आणि पडद्यावर पीडीएफ. प्रत्येक कागद उलटताना पडद्यावरची दोन पृष्ठे पुढे जावीत. १७ व्या कागदाशी तीन जातील आणि तिथून पुढच्या पृष्ठांचे क्रमांक एकाने वाढलेले असतील, म्हणजे काचेवर घेतलेली ३२ व्या कागदाची पुढची बाजू आता ६३ ऐवजी ६४ वर सापडेल. मजकूर वाचायचा नाही, पहिली ओळ आणि शेवटची ओळ पाहायची. शेवटची ओळ पाहण्याचे कारण असे की फीडरमध्ये कागद मध्येच घसरला तर पृष्ठाचा वरचा भाग ठीक येतो आणि तळाच्या दोन ओळी कापल्या जातात, आणि इतिवृत्तात सह्या नेमक्या तिथेच असतात.

कोऱ्या मागच्या बाजू गाळायच्या असतील तर त्या या तपासणीनंतर, मूळ final.pdf तशीच ठेवून, तिच्या वेगळ्या प्रतीतून गाळाव्यात. गाळताना प्रत्येक पृष्ठ मोठे करून पाहावे. लहान चित्रात कोरी दिसणारी मागची बाजू उघडली की तिच्या कोपऱ्यात कधी फिकट पेन्सिलीतला शेरा निघतो, तर कधी पुढच्या ठरावावरची मतमोजणी.